बेंदराचे पान

पान वाढण्याची सगळी रीत एका साध्या गोष्टीवर उभी आहे. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, आणि तो हात पहिल्या घासानंतर ओला असतो. ओल्या हाताने ज्याला वारंवार जायचे ते उजवीकडे, जवळ. ज्याला बोटाचे टोक तेवढे लावायचे ते डावीकडे, थोडे दूर. चटणी, लोणचे, कोशिंबीर, पापड यांची ‘डावी बाजू’ आणि भाजी, आमटी, खीर यांची ‘उजवी बाजू’ अशी जी वाटणी मराठी घरांत चालत आली आहे, तिच्यामागे शास्त्रापेक्षा सवय जास्त असेल. पण ती सवय थेंब कुठून कुठे जातो हे नीट पाहून पडलेली आहे. आमटीत बुडवलेला घास तोंडाकडे येताना ठिबकतो. त्या ठिबकण्याच्या वाटेवर कुरडई नसावी, एवढे जरी सांभाळले तरी पानाची निम्मी मांडणी आपोआप होते.

सातारा-सांगलीकडे ही मांडणी सर्वांत कसाला लागते ती पुरणपोळीच्या पानात, आणि त्यातही बेंदराला. कृष्णाकाठच्या गावांत बैलांचा सण आषाढात येतो. त्या दिवशी बैल न्हाऊ-माखू घालून सजवले जातात, त्यांना पोळीचा घास दिला जातो आणि मग घरातली पाने मांडली जातात. हे पान अवघड होण्याचे कारण असे की, त्यात एक सोडून दोन पातळ पदार्थ असतात. हरभऱ्याची डाळ शिजल्यावर जे पाणी काढतात त्याची मसालेदार आमटी, म्हणजे येळवणी. इतरत्र तिला कटाची आमटी म्हणतात. आणि दुसरे गुळवणी: गूळ पाण्यात विरघळवून, उकळून, गाळून, वेलदोडा-सुंठ घालून केलेले गोड पाणी, ज्यात पोळी भिजवून खायची. दोन्ही पाण्यासारखी धावणारी. एक तिखट, एक गोड. ती एकमेकांत गेली की दोन्ही वाया. शिवाय त्याच पानात भजी, कुरडई, पापड हे कुरकुरीत जिन्नस. बाहेर पाऊस, हवेत ओल. म्हणजे पानातल्या ओलाव्यापासून वाचवलेली कुरडई हवेनेही मऊ पडू शकते. इतक्या अडचणी एकाच ताटात दिवाळीच्या फराळालाही येत नाहीत.

मांडणीआधी पान कशाचे आहे ते पाहावे लागते, कारण पाणी कुठे पळणार हे त्यावर ठरते. केळीचे पान आडवे मांडतात, टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. त्यामुळे निमुळता भाग डावीकडे येतो, जिथे चिमूटभर-चमचाभर जिन्नस बसायचे असतात, आणि रुंद भाग उजवीकडे येतो, जिथे भाजी आणि वाट्या लागतात. मधली शीर डावीकडून उजवीकडे जाते आणि पानाचे वरचा नि खालचा असे दोन भाग पाडते. वरच्या भागात तोंडी लावणी, खालच्या भागात भात आणि पोळी. ही शीर पानाच्या मागच्या अंगाला जाड असते, म्हणून सपाट जमिनीवर पान मध्ये किंचित उचललेले राहते आणि दोन्ही बाजूंनी कडेकडे उतरते. पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो. तो पाणी शोषत नाही. शिरेपासून कडेपर्यंत बारीक समांतर रेषा गेलेल्या असतात, आणि पातळ पदार्थ त्या रेषांच्या दिशेने सरकतो. वरच्या भागात सांडले तर ते पलीकडे, वाढप्याच्या पायाशी जाते. खालच्या भागात सांडले तर थेट जेवणाऱ्याच्या मांडीवर. केळीच्या पानावर पहिल्यांदा जेवणारा माणूस आमटी अडवण्यासाठी हाताची भिंत करताना दिसतो, ते याच उताराने. शीर फार जाड असेल तर मागून तासून घेतात, म्हणजे पान बरेच सपाट बसते. वाऱ्याने पान त्या रेषांवरच फाटते, म्हणून चिरलेले पान आलेच तर चीर डाव्या बाजूला येईल असे ठेवावे. कोरडी चटणी चिरेवर बसली तरी बिघडत नाही. आषाढातले पान बहुधा भिजलेले येते. ते धुऊन तसेच मांडले तर मीठ वाढता क्षणी पाघळते, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून घेणे हे बेंदराच्या दिवशी वाढण्याचे पहिले काम ठरते.

माण, खटाव, आटपाडी, जत अशा कमी पावसाच्या भागांत केळीपेक्षा पळसाची पत्रावळ जुन्या वळणाची. काड्यांनी टाचलेल्या पानांच्या जोडांतून पातळ पदार्थ खाली झिरपतो, त्यामुळे तिच्यासोबत द्रोण आलाच. पत्रावळ बशीसारखी थोडी खोलगट असते, म्हणजे ओघ मध्याकडे येतो; केळीच्या पानाच्या अगदी उलट. ताटाची गोष्ट तिसरीच. त्याला काठ आहे, म्हणून सांडलेले बाहेर जात नाही, पण आतल्या आत सगळीकडे फिरते आणि शेवटी पोळीखाली येऊन थांबते. काठ असलेल्या भांड्यात म्हणूनच वाटी अधिक गरजेची. रोजच्या जेवणात, वाटी न घेता कालवण थेट ताटात घेणारी माणसे या भागात ताटाच्या एका कडेखाली छोटासा टेकू देतात. ताट कलते, कालवण उताराला जमते, वरच्या अंगाला भाकरी कोरडी राहते. ओले आणि कोरडे वेगळे ठेवण्याची याहून कमी साधनांत झालेली सोय दाखवणे कठीण.

बेंदराच्या पानात वाढायची सुरुवात मिठाने होते. ते वर, मध्यावर. मीठ धावत नाही, थंड होत नाही, शिळे होत नाही; पंगत बसायला वेळ लागला तरी त्याचे काही जात नाही. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग लोणच्याची एक फोड, मग चटणी. लोणचे वाढताना चमचा बरणीच्या कडेला टेकवून तेल निथळू द्यावे लागते, कारण मेणचट पानावर तेल पाण्यापेक्षाही लांब पसरते आणि शेजारच्या चटणीखाली जाते. शेंगदाण्याची चटणी कोरडी, चमचाभर. ती लोणचे आणि कोशिंबीर यांच्या मध्ये वाढली की दोघांचा ओघळ तिथे अडतो.

कोशिंबीर हा डाव्या बाजूचा खरा धोका. ती वाढताना घट्ट दिसते आणि पाच-दहा मिनिटांत स्वतःचे पाणी सोडते. मीठ काकडीतले पाणी बाहेर ओढते, त्याला इलाज नाही. म्हणून काकडी चोचवून आधी पिळून घेतात, मीठ आणि दही अगदी वाढायच्या वेळी मिसळतात आणि शेंगदाण्याचे कूट सढळ हाताने घालतात. कूट चवीसाठी आहेच, पण सुटलेले पाणी तेच शोषून घेते. ज्या कोशिंबिरीभोवती पानावर पांढुरक्या पाण्याचे कडे दिसते तिच्यात मीठ लवकर पडले असे समजावे. डावीकडच्या तळलेल्या पदार्थांची जागा तिच्यापासून जितकी दूर तितकी बरी. कोशिंबीर वर, शिरेच्या पलीकडे. भजी, पापड, कुरडई खाली, डाव्या टोकाला, शिरेच्या अलीकडे. मधली शीर इथे बांधासारखी उपयोगी पडते.

तळलेल्या तिघांचे मऊ पडणेही सारखे नसते. कुरडई गव्हाच्या चिकाची; तळल्यावर ती फुलून पोकळ, जाळीदार होते, आणि जितकी जाळी अधिक तितकी हवा तिला अधिक लागते. आषाढात तळून उघडी ठेवलेली कुरडई सगळ्यांत आधी दम सोडते. तिच्या मागोमाग पापड. भजी हवेने कमी आणि स्वतःच्या वाफेने जास्त बिघडते. गरम भजी झाकणाच्या डब्यात एकावर एक रचली की ओली होते. ती चाळणीत पसरून ठेवायची, झाकायची नाही. उन्हाळ्यात केलेली कुरडई नीट वाळलेली असेल तर मोडताना स्पष्ट आवाज देते. आवाज न होता नुसती वाकली तर पानात ती वाढण्यात अर्थ नाही, पुन्हा क्षणभर कढईत सोडावी. या तिन्ही गोष्टी म्हणूनच पाने मांडून होईपर्यंत वाढत नाहीत. माणसे बसली, हातावर पाणी घेतले, मगच कुरडईचे पातेले बाहेर येते. डावी बाजू आधी वाढायची हा सर्वसाधारण नियम, आणि त्या बाजूचा हा टोकाचा कोपरा मात्र सर्वांत शेवटी.

उजव्या बाजूला वर बटाट्याची सुकी भाजी. ती कोरडी असली तरी उजवीकडे येते, कारण ती पोळीबरोबर पुन्हा पुन्हा खायची असते. डावे-उजवे हे निव्वळ ओल्या-सुक्यावर ठरत नाही, हात किती वेळा जाणार यावरही ठरते. भाजीखाली दोन वाट्या. त्यांचा क्रम बहुतेक घरांत जसा सुचेल तसा लागतो, आणि इथेच पुरणपोळीचे पान बिघडते. पोळी पानाच्या मध्याच्या खाली असते. तिथून उजवीकडे जाणाऱ्या हाताला गुळवणी आधी, जवळ, खालच्या अंगाला मिळाली पाहिजे. येळवणी तिच्या वर, उजव्या कडेला. असे ठेवले की पोळीकडून निघणाऱ्या दोन वाटा फाकतात आणि तिखट थेंब गोड वाटीवरून जात नाही. उलट ठेवले, येळवणी जवळ आणि गुळवणी पलीकडे, तर प्रत्येक गोड घास तिखट वाटीवरून येतो. त्यातून येळवणीत गूळ पडला तर फारसे बिघडत नाही, तिच्यात पुरणाची गोडी थोडी असतेच. पण गुळवणीत येळवणीचे चार थेंब पडले की वरती लाल तेलाचा तवंग दिसतो आणि ती वाटी बाजूला ठेवावी लागते.

वाटी काठोकाठ भरणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते, पण पोळीचा तुकडा बुडला की तेवढा रस वर चढतो आणि बाहेर येतो. एक बोट रिकामी ठेवलेली वाटी दोनदा भरणे अधिक चांगले. येळवणी भुरकायची असते, त्यामुळे ती वाटी उचलली जाणार. तिच्या तळाशी ओल असेल तर ती खाली ठेवताना पानावर गोल ओला ठसा उठतो आणि तिथून ओघळ सुरू होतो. वाटी भरून पानात ठेवण्याआधी तिचा तळ पुसणे म्हणूनच शिष्टाचारापलीकडचे काम आहे. गुळवणीसोबत दूध देणार असतील तर ते वेगळ्या वाटीत किंवा गुळवणी कोमट झाल्यावर. गरम गुळवणीत दूध घातले तर ते फाटण्याची भीती असते.

पंगतीत वाढणाऱ्याची अडचण निराळी. तो जेवणाऱ्याच्या समोर, पानाच्या पलीकडे उभा असतो, त्यामुळे त्याचे डावे-उजवे उलटे. नवखा पोरगा मीठ-चटणी घेऊन निघतो आणि आपल्या डाव्या हाताकडे वाढत सुटतो. पहिल्या चार-पाच पानांत सगळे तोंडी लावणे जेवणाऱ्याच्या उजवीकडे गेलेले असते. जाणता वाढपी त्याला एवढेच सांगतो, “तुझा उजवा, त्याचा डावा.” डावी बाजू वाढणे त्यामुळे सोपे, वाढप्याचा उजवा हात नैसर्गिकपणे तिथेच पडतो. अवघड ती उजवी बाजू. उभ्या जागेवरून आमटीची पळी त्या बाजूला नेली तर ती सगळ्या पानावरून तिरकी जाते आणि वाटेत भज्यांवर ठिबकते. त्यावर उपाय म्हणजे स्वतःच्या डावीकडे अर्धे पाऊल सरकून वाटीच्या समोर येणे, पळीचा तळ भांड्याच्या काठाला पुसणे आणि भांडे वाटीच्या जवळ नेणे. चांगला वाढपी पळी लांब नेत नाही, भांडे जवळ आणतो.

यानंतर पोळी. ती तव्यावरून उतरली की लगेच पानावर टाकली तर खालच्या अंगाला घाम धरते, कारण केळीचे पान वाफ शोषत नाही आणि वाफेला दुसरी वाट नसते. पुरणाच्या पोळीला हे विशेष बाधते. खालचा पापुद्रा ओला होऊन पानाला चिकटतो आणि उचलताना पुरण उघडे पडते. तव्यावरून फडक्यावर, थोडी वाफ गेली की पानात, असा एक टप्पा मध्ये हवा. चार घड्या करून वाढलेल्या पोळीत तूप घड्यांमध्ये राहते. उघडी वाढली तर तूप वितळून उताराला लागते. रवाळ तूप उघड्या पोळीच्या मध्यावर घातले तर ते वितळेपर्यंत निम्मी पोळी खाऊन होते, तोही एक मार्ग.

खाण्याच्या क्रमात या भागात दोन रीती नांदतात आणि दोघींना पान वेगळे लागते. काही घरांत आधी साध्या वरणभाताची मूद, तिच्यावर तूप, लिंबू पिळून, मग पोळी, शेवटी पुन्हा थोडा भात. खेड्यांतल्या बहुतेक घरांत मात्र आधी पोळी आणि भात शेवटी. पहिल्या रीतीत भात पानाच्या मध्यावर वाढला जातो आणि तो संपला की तिथे वरणाची ओली जागा राहते. पोळी त्या जागेवर टाकायची नाही. ती डावीकडे, भज्यांच्या शेजारच्या कोरड्या भागात येते. मूद वाटीत दाबून उपडी केलेली असते हे शोभेसाठी वाटते, पण दाबलेला भात वरण धरून ठेवतो, मोकळा भात ते गाळून देतो. वरण अधिक पातळ असेल तर मुदीच्या माथ्याला बोटांनी आळे करून त्यात ते घ्यावे, म्हणजे पानाच्या उताराला जाणारे वरण भाताची भिंत अडवते.

दुसऱ्या रीतीत पोळी मध्यावर येते आणि काहीजण तिच्यावरच गुळवणी ओतून पोळी कुस्करतात. चवीला हे वाटीत बुडवून खाण्यापेक्षा सरस, कारण पोळी आतपर्यंत भिजते. पण त्यानंतर त्याच जागी येळवणी-भात यायचा असतो. गोड ओल राहिलेल्या पानावर तिखट भात कालवला की भाताची चव लागत नाही. अनुभवी जेवणारा पोळीचा शेवटचा कोरडा तुकडा मुद्दाम राखून ठेवतो आणि त्याने जागा पुसून घेतो. तो तुकडा सर्वांत गोड लागतो, आणि खाली पान स्वच्छ होते. ज्याला कुस्करून खायचे आहे त्याने गुळवणी एकदम न ओतता पोळी जेवढी पिईल तेवढीच घेत जावी. पोळीच्या कडेबाहेर पाणी दिसू लागले की पुरे. वाटीत बुडवून खाणाऱ्याला ही काळजी नाही, त्याचा मधला भाग शेवटपर्यंत कोरडा राहतो.

भात आला की येळवणी त्यावर घेतात आणि या वेळी डावी बाजू पुन्हा कामाला येते. गोडानंतर तोंड बदलायला लोणच्याची फोड, भजी, उरलेला पापड. पापड भातावर चुरून घेणारे या वेळी घेतात, आणि तो तोपर्यंत कुरकुरीत राहिला असेल तर डावा कोपरा शेवटी वाढल्याचे सार्थक होते. डावी बाजू पुन्हा वाढायला वाढपी सहसा विचारत नाही, मागितली तर देतो. उजवी बाजू मात्र न विचारताही भरत राहतो. यामागे काटकसर नाही. चटणी-लोणच्याचा दुसरा चमचा पहिल्याच्या ओलाव्यावर पडला तर ती जागा पसरते आणि आधी वेगळे ठेवलेले एक होते.

गोंदवले किंवा सज्जनगडासारख्या ठिकाणी महाप्रसादाच्या पंगतीत एका वेळी मोठ्या संख्येने माणसे जेवतात. तिथे पदार्थ मोजके ठेवल्याने हे सारे सोपे होते: पातळ एकच असले की दोन पातळांचा प्रश्न उरत नाही. सांगली-मिरजेकडची खपली गव्हाची खीरही पंगतीला सोयीची, कारण फुगलेले गहू तिला घट्ट धरून ठेवतात आणि ती वाटीवाचून पानावर बसते. पुरणपोळीला अशी सवलत नाही.

मंगल कार्यालयांत आता खणांची ताटे आली आहेत. खणांच्या भिंती ओले-सुके वेगळे ठेवतात, तेवढे काम त्या चोख करतात. पण क्रम त्या ठेवू शकत नाहीत. रांगेतून जाताना सगळे खण एकदम भरले जातात, कुरडई पहिल्यांदा आणि गुळवणी शेवटी, म्हणजे नेमके उलटे. ताट डाव्या हातावर तोलून उभ्याने जेवताना ते जड बाजूला कलते, आणि उथळ खणातली येळवणी भिंत ओलांडून शेजारी जाते. अशा ताटात पुरणपोळी घ्यायची असेल तर पातळासाठी वेगळी वाटी मागून घ्यावी, मोठ्या खणात आधी फक्त पोळी ठेवावी, तळलेल्याला खण न देता ते पोळीच्या घडीवर ठेवावे आणि भातासाठी दुसऱ्यांदा रांगेत जावे. दुसऱ्या फेरीला मोठा खण पोळीच्या शेवटच्या तुकड्याने पुसलेला असला की येळवणी-भात तिथे घेता येतो. ताक घ्यायचे ते येळवणीची वाटी पाण्याने विसळून तिच्यात, किंवा शेवटच्या चार घासांच्या भातावर. त्या वेळी पानात कोरडे राखण्यासारखे काही उरलेले नसते.